सात आणि आठच्या मधलं दळण

ओट्यावरच्या माझ्या वहीत एका रविवारची नोंद अशी आहे: आठवर १९ सेकंद, आंबट आणि पाणचट. सातवर ३७ सेकंद, कडू, जीभ कोरडी पडली. त्याखाली पेन्सिलीने एकच शब्द खरडलाय, ‘साडेसात?’

साडेसात नावाचा आकडा त्या ग्राइंडरवर नव्हता. चकती फिरवली की ती ‘कट्’ करून आठवर बसायची, नाहीतर ‘कट्’ करून सातवर. बोटाने मधेच दाबून धरून दळून पाहिलं, तेही जमलं नाही. बिया भरडल्या जाताना यंत्र थरथरतं आणि चकती आपली खाच शोधतेच. ग्राइंडर बिघडलेला नव्हता. खोक्यावर लिहिलं होतं त्याप्रमाणे त्याला चाळीस टप्पे होते आणि एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत सगळं तो दळत होता. पण त्या चाळीसपैकी एस्प्रेसोच्या कामाचे टप्पे मोजून चार-पाच, आणि मला हवं असलेलं दळण नेमकं त्यातल्या दोघांच्या फटीत पडलेलं.

घरी एस्प्रेसो करायचं मनात आलं की माणूस आधी मशीन बघतो. किती बारचा पंप, वाफेची नळी कशी, रंग कोणता. ग्राइंडर बहुतेकदा उरलेल्या पैशांत येतो. तो घेताना दुकानदार दोन शब्द तोंडावर फेकतो: हा स्टेप्ड आहे, तो स्टेपलेस. स्टेपलेस अर्थातच महाग आणि म्हणून चांगला, असं आपण समजून चालतो. मीही चालले होते.

या दोन शब्दांचा अर्थ आपल्याला नवा नाही. गिरणीत थालिपिठाची भाजणी दिली की गिरणीवाला विचारतो, ‘जाड की बारीक?’ मग तो बाजूचं चाक किंचित फिरवतो, खाली पडणारं पीठ चिमटीत धरून चोळतो आणि पुन्हा केसभर फिरवतो. त्या चाकाला खाचा नाहीत, आकडे नाहीत. ते कुठेही थांबतं. हा झाला स्टेपलेस. आणि घरातल्या पंख्याचा जुना, पाच आकड्यांचा रेग्युलेटर म्हणजे स्टेप्ड. तीनवर उकडतं, चारवर अंगावर पांघरूण लागतं, आणि साडेतीन कुणी ठेवलेलंच नाही.

पंख्याचं एक बरं आहे, पांघरूण घेता येतं. एस्प्रेसोत मात्र दळणाशिवाय वेगावर नीट ताबा ठेवणारं दुसरं काही हाताशी नसतं. साधारण चाललेलं माप असं: १८ ग्रॅम कॉफी बास्केटमध्ये भरून दाबायची, तिच्यातून सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी ढकलायचं आणि कपात ३६ ग्रॅम द्रव पडेपर्यंत थांबायचं. याला पंचवीस ते तीस सेकंद लागले तर बहुतेक मध्यम भाजलेल्या बियांची चव जमते. पाण्याला अडवायला तिथे नळ नाही की झडप नाही. अडवते ती फक्त दाबलेली कॉफी. दळण जाड असेल तर पाणी सुसाट निघून जातं आणि कॉफीतलं गोड-कडू बाहेर यायच्या आत आंबटपणाच तेवढा कपात उतरतो. दळण फार बारीक झालं की थेंब थेंब गळतं आणि नको तेही सगळं निघून येतं.

इतर कॉफीत हा प्रश्न इतका टोकाला जात नाही. फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी पाण्यात भिजत पडते, चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. एक टप्पा इकडेतिकडे झाला तर फरक जाणवेल, पण कप ओतून द्यावा लागत नाही. आपल्या स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमधून पाणी स्वतःच्या वजनाने झिरपतं, त्याला पाच मिनिटं जास्त लागली तर कुणी घड्याळ बघत नाही. एस्प्रेसोत मात्र सगळा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो, आणि तो पाण्याला वाट किती मिळाली यावर लागतो.

ही वाट किती चटकन बदलते याचा हिशोब कॉफीवाल्यांनी केलेला नाही. आँरी दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर पुस्तक लिहिलं. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने जातं याचा नियम त्यात होता. पुढे १९२७ मध्ये कोझेनी आणि १९३७ मध्ये कार्मन यांनी त्यात कणांच्या आकाराचा हिशोब घातला. त्याचं सार असं, की पाण्याचा वेग कणाच्या आकाराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कण दहा टक्क्यांनी बारीक केले तर वेळ दहा टक्क्यांनी नाही, जवळपास तेवीस टक्क्यांनी वाढतो. २८ सेकंदांचा शॉट ३४ च्या पुढे जातो.

प्रत्यक्षात फरक याहूनही जास्त पडतो. माझ्या वहीतलंच घ्या. आठवर १९ आणि सातवर ३७, म्हणजे वेळ जवळजवळ दुप्पट. या नियमाने वेळ दुप्पट व्हायची तर कण सुमारे तीस टक्क्यांनी लहान व्हायला हवेत, आणि एका टप्प्यात तेवढा फरक पडला नसावा. उरलेलं काम धुळीचं. कॉफीची बी कडक आणि ठिसूळ असते. ती फुटताना मोठ्या कणांबरोबर पिठूळ भुगाही पडतो, आणि जितकं बारीक दळाल तितका तो वाढतो. हा भुगा मोठ्या कणांच्या मधल्या जागा बुजवतो. चाळणीत रवा टाकताना त्यात मूठभर मैदा मिसळला की चाळणी कशी अडते, तसंच.

आता टप्पा म्हणजे नेमकं काय ते पाहू. ग्राइंडरच्या आत दोन दातेरी भाग असतात, त्यांना बर म्हणतात. एक स्थिर असतो, दुसरा फिरतो, आणि त्यांच्या मधल्या फटीतून बी चिरडत बाहेर पडते. फट कमीजास्त करायला बहुतेक ठिकाणी आटे असतात. बरणीच्या झाकणाला असतात तसेच, पण फार बारीक. झाकण एक पूर्ण फेरा फिरवलं की जितकं वर येतं तितका त्या आट्याचा चढ. समजा हा चढ अर्धा मिलिमीटर आहे आणि एका फेऱ्यात चाळीस खाचा आहेत. अर्ध्या मिलिमीटरचे चाळीस भाग, म्हणजे एका क्लिकला १२.५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. एका केसाच्या जाडीत पाच क्लिक मावतात.

खाचेत बसणारा असतो स्प्रिंगवरचा छोटासा गोळा किंवा पिन. तो खाचेत पडतो तोच तो ‘कट्’ आवाज. स्टेपलेसमध्ये हा गोळा काढून टाकलेला असतो. कॉलर आट्यांच्या घर्षणावरच जागेवर राहते, किंवा एका छोट्या नॉबमागे मळसूत्राचा दांडा असतो आणि तो दातेरी चाकाला हळूहळू सरकवतो. इटलीतल्या युरेका कंपनीच्या मिन्योन ग्राइंडरवर असा नॉब आहे. निश झिरोवर वरची मोठी चकतीच विनाखाच फिरते. म्हणजे दोन्ही प्रकारांच्या पोटात यंत्र बरंचसं तेच. फरक इतकाच, की एकात कुठे थांबायचं हे कारखान्याने ठरवलेलं असतं आणि दुसऱ्यात आपण ठरवतो.

म्हणून ‘स्टेप्ड की स्टेपलेस’ हा प्रश्न मला आता अर्धवट वाटतो. खरं विचारायचं ते हे, की एका टप्प्याला माझ्या कपात किती सेकंदांचा फरक पडतो?

हे मला कळलं ते वजनकाटा आणि घड्याळ घेऊन बसल्यावर. एकाच पिशवीतल्या बिया, एकच टप्पा, दर वेळी मोजून १८ ग्रॅम, आणि सलग चार शॉट. वेळ आली २७, २५, २९, २७. मी काहीच बदललं नव्हतं, तरी चार सेकंदांची तफावत. कॉफी पसरताना एखादी गुठळी राहते, दाबताना हात किंचित तिरका होतो, काटा ०.१ ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. ही माझ्या हाताची चूक आहे आणि सराव वाढला तरी ती शून्यावर येत नाही.

आता हिशोब सोपा झाला. मला चव आवडते ती साधारण २५ ते ३१ सेकंदांत, म्हणजे खिडकी सहा सेकंदांची. टप्पा सहा सेकंदांपेक्षा लहान असेल तर निदान एक तरी टप्पा त्या खिडकीत पडणारच. माझ्या पहिल्या ग्राइंडरचा टप्पा अठरा सेकंदांचा होता, त्यामुळे तो खिडकी ओलांडून सरळ पलीकडे उडी मारत होता. तीन-चार सेकंदांचा टप्पा मिळाला की काम भागतं. त्याहून बारीक टप्पा, अगदी अनंत टप्पे असलेला स्टेपलेससुद्धा, माझ्या हाताच्या दोन-तीन सेकंदांच्या चुकीत विरून जातो. अर्ध्या सेकंदाचा फरक कॉलर करू शकते, पण मी ओळखू शकत नाही.

मग कोणत्या ग्राइंडरचा टप्पा किती लहान, हे घ्यायच्या आधी कसं कळणार? हाताने फिरवायच्या ग्राइंडरचे काही निर्माते हा आकडा देतात. वन-झेडप्रेसोच्या जेएक्स-प्रोला एका क्लिकला १२.५ मायक्रॉन, त्याच कंपनीच्या जे-मॅक्सला ८.८. किंगग्राइंडर के-सिक्सला १६. जर्मन कमांडांटे सी-फोर्टीला मुळात ३० मायक्रॉन असतात, आणि एस्प्रेसोवाल्यांची कुरकुर त्या कंपनीला ऐकू गेली असावी, कारण रेड क्लिक्स नावाचा वेगळा दांडा ते विकतात. तो बसवला की टप्पा निम्मा, १५ मायक्रॉनचा होतो. हे सगळे स्टेप्डच आहेत. तरी त्यातले बारीक टप्प्याचे एस्प्रेसोला व्यवस्थित चालतात.

या आकड्यांची तुलना करताना एक खोच लक्षात ठेवा. हे मायक्रॉन म्हणजे बर किती वर किंवा खाली सरकला ते. सपाट बर असतील, म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन चकत्या, तर जितका बर सरकतो तितकीच फट बदलते. शंकूच्या आकाराच्या बरमध्ये तसं होत नाही. गाळणीत गाळणी ठेवून वरची थोडी उचलून बघा. उचलली तितकी बाजूची फट वाढत नाही. शंकूची बाजू उभ्या रेषेशी २० अंशांनी कललेली असेल तर वर सरकण्याच्या जेमतेम एक तृतीयांश इतकी फट बदलते. म्हणून शंकूच्या ग्राइंडरचे १५ मायक्रॉन आणि सपाटचे १५ मायक्रॉन एकाच पारड्यात घालू नयेत.

एकूण टप्पे किती ही जाहिरात तर सोडूनच द्यावी. साठ टप्पे म्हटलं की भरपूर वाटतात, पण ते तुर्की कॉफीच्या पिठापासून फ्रेंच प्रेसच्या भरडीपर्यंत पसरलेले असतात. बराट्झा कंपनीने एन्कोर ईएसपी काढताना हे बरोबर ओळखलं. त्याला टप्पे चाळीसच आहेत, पण पहिले वीस एस्प्रेसोसाठी जवळजवळ ठेवलेत आणि उरलेले वीस फिल्टर कॉफीसाठी लांब लांब. आकडा चाळीस हाच, माझ्या जुन्या ग्राइंडरसारखा. वाटणी वेगळी.

दुकानात किंवा मित्राकडे ग्राइंडर बघायला मिळाला तर मी एकच परीक्षा घेते. एस्प्रेसोच्या जवळचा कुठलाही टप्पा घ्यायचा, दोन शॉट काढायचे. मग शेजारचा टप्पा, पुन्हा दोन शॉट. सरासरीतला फरक पाहायचा. चार सेकंद निघाला तर घ्या, बारा निघाला तर कितीही देखणा असला तरी सोडा. ‘बारीक दळतो ना?’ एवढं विचारून काही कळत नाही. माझाही बारीक दळायचा.

इथे लोकांची एक गल्लत होते. ग्राइंडर पुरेसं बारीक दळतच नाही, अगदी शेवटच्या आकड्यावरही शॉट पंधरा सेकंदांत संपतो, हा एक रोग. मधलं दळण मिळत नाही, हा दुसरा. पहिल्यावर औषध असतं. काही ग्राइंडरमध्ये बरखाली पातळ चकत्या, शिम, घालून सगळं माप बारीककडे सरकवता येतं. दुसऱ्या रोगावर शिमचा उपयोग नाही, कारण सगळे टप्पे एकत्र सरकतात आणि दोन टप्प्यांतलं अंतर आहे तेवढंच राहतं. नशिबाने एखादा टप्पा बरोबर खिडकीत येऊन पडला तर पडला, पण पुढची पिशवी उघडली की पुन्हा तेच.

जो ग्राइंडर हाती आहे त्यावरच भागवायचं असेल तर एक वाट आहे, आणि मी ती दीड वर्ष चालले. कॉफीचं वजन बदलायचं. आठवर १८ ग्रॅमला १९ सेकंद येत होते. १८.५ घेतले, २२ आले. १९ घेतले आणि कपातलं मापही त्याच प्रमाणात ३८ केलं, तर २६ सेकंद. चव बसली. थर जाड झाला की पाण्याला जास्त अडथळा, इतकं साधं आहे. टॅम्परवर जोर काढून मात्र काही होत नाही. कॉफी एकदा पक्की दबली की त्यावर आणखी भार देऊन वेळ फारशी हलत नाही, मनगट तेवढं दुखतं.

वजनाच्या वाटेला शेवट आहे. बास्केट १८ ग्रॅमची असली तर तिच्यात १९ कसेबसे मावतात. शॉट झाल्यावर वापरलेल्या कॉफीच्या वडीवर मशीनच्या जाळीचा स्क्रू उमटलेला दिसला की समजावं, वर जागा उरलेली नाही, आणि पाणी समान पसरत नाही. मला हे कळलं ते पुढच्या पिशवीला. त्या बिया हलक्या भाजलेल्या होत्या. आठवर १९ ग्रॅम घालूनही २१ सेकंदच, आणि वडीवर स्क्रू स्पष्ट. मग सातवर उतरून १७ ग्रॅम घेतले, ३३ सेकंद. त्या आठवड्यात मी कॉफी नव्हे, तडजोड पीत होते.

शिवाय बिया एका जागी राहत नाहीत. भाजल्यावर त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो दिवसेंदिवस निघून जातो आणि त्याच दळणाचा शॉट वेगाने पडायला लागतो. माझ्या आताच्या हातग्राइंडरवर, ज्याचा एक क्लिक मला साधारण चार सेकंदांना पडतो, एका पिशवीची नोंद अशी आहे: भाजल्यापासून दहाव्या दिवशी २८ सेकंद, सतराव्या दिवशी २३. एक क्लिक बारीक केला, २७. जुन्या ग्राइंडरवर हाच एक टप्पा बारीक केला असता तर पाणी अडकलं असतं. रोजच्या वापरात लहान टप्प्याचा उपयोग हा असा, आठवड्याला एखाद्या क्लिकचा.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग सरळ स्टेपलेसच घ्यावा, कटकट नको. नाशिकच्या माझ्या मामेभावाने तेच केलं. सपाट बरचा, वर बियांचं भांडं असलेला, कॉलर फिरवायचा स्टेपलेस ग्राइंडर. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला, “ताई, हे यंत्र मनाला येईल तसं वागतंय. जरा फिरवतो तर काहीच होत नाही, अजून जरा फिरवतो तर एकदम बंदच पडतं.”

मी सांगितलं, “काय केलंस ते लिहून काढ.” त्याने पाठवलेली यादी अशी: पहिला शॉट २२ सेकंद. कॉलर थोडी बारीककडे, २३. अजून थोडी, २५. अजून बरीच, ५० सेकंद आणि कपात काळे थेंब.

ग्राइंडरचा दोष नव्हता. बर आणि तोंड यांच्यामधल्या पोकळीत प्रत्येक वेळी काही ग्रॅम जुनं दळण अडकून राहतं. कॉलर फिरवल्यावरचा पहिला शॉट हा जुन्या आणि नव्या दळणाची भेळ असतो. त्यामुळे तो खोटं बोलतो, फार फरक पडला नाही असं सांगतो. आपण चिडून अजून फिरवतो आणि मग साठलेले सगळे बदल एकदम कपात येतात. उपाय इतकाच, की प्रत्येक बदलानंतर चार-पाच ग्रॅम दळून टाकून द्यायचे आणि मगच मोजायला बसायचं. भांड्यात बिया भरून ठेवण्याऐवजी एका वेळी एका कपापुरत्याच बिया टाकायच्या ग्राइंडरमध्ये हे अडकणं पुष्कळ कमी, बऱ्याचदा ग्रॅमच्या आत. ही अडचण स्टेप्डमध्येही असते, पण तिथे ‘एकच क्लिक सरकवला’ हे निदान पक्कं माहीत असतं. त्याच्या यादीतलं ‘थोडी’, ‘अजून थोडी’ आणि ‘अजून बरीच’ म्हणजे किती, हे त्यालाही सांगता येईना.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. बारीककडे जाताना मोटर चालू ठेवायची. बंद असताना कॉलर आवळली तर बरच्या मध्ये अडकलेल्या बिया दाबल्या जातात, कॉलर अडते आणि आपल्याला वाटतं शून्य आलं. दुसरी, आट्यांना किंचित मोकळीक असते, म्हणून शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करायची. जाडकडे जायचं असेल तर गरजेपेक्षा थोडं पुढे जाऊन बारीककडे परत यायचं. नाहीतर त्याच खुणेवर परत आलो तरी दळण तेच येत नाही. आणि खूण तर हवीच. भांडं रिकामं करून, मोटर चालू ठेवून कॉलर हळूहळू आवळत न्यायची. बर एकमेकांना पुसटसे घासल्याची बारीक चिरचिर ऐकू आली की तिथेच थांबायचं, लगेच मागे यायचं आणि कागदाची पट्टी चिकटवून त्या जागी रेघ मारायची. ते शून्य. पुढचं सगळं अंतर त्या रेघेपासून मोजायचं.

एवढं केल्यावर त्याचा ग्राइंडर शहाण्यासारखा वागायला लागला. त्याच्या घरी फक्त एस्प्रेसो होते, त्यामुळे कॉलर महिनोन्महिने एका बोटाच्या रुंदीत इकडेतिकडे फिरते. अशा घरी स्टेपलेस शोभतो.

माझ्या घरी नाही शोभणार. नवरा रविवारी गाळून केलेली काळी कॉफी पितो, तिला दळण कितीतरी जाड लागतं. मळसूत्राच्या नॉबवर एस्प्रेसोपासून तिथे जायला अनेक फेरे लागतात, आणि सोमवारी सकाळी परत येताना किती फेरे झाले होते हे आठवत नाही. मग सोमवारचे दोन शॉट मोरीत. खाचा असल्या की वहीत आकडा लिहायचा आणि क्लिक मोजत परत यायचं, डोळे अर्धे मिटलेले असले तरी. टप्प्यांचा फायदा हा आहे आणि विकणारे तो क्वचित सांगतात.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी तपासा, मोबाइलचा टॉर्च लावून. मशीनबरोबर आलेली बास्केट उलटी करून बघा. तळाला शेकडो भोकं आरपार दिसली तर वरचं सगळं तुम्हाला लागू आहे. वरून पुष्कळ भोकं पण खालून एकच सुईएवढं छिद्र, अशी दुहेरी तळाची बास्केट असेल तर दाब ते छिद्र तयार करतं, कॉफी नाही. घरगुती लहान मशीनबरोबर ती हमखास येते, विकत आणलेली दळलेली कॉफी चालावी म्हणून. तिच्यात सात आणि आठमधला फरक जेमतेम जाणवतो. अशा बास्केटसाठी महागडा स्टेपलेस घेणं म्हणजे पैसे फुकट. आधी साध्या तळाची बास्केट मागवा, ती तुमच्या मशीनच्या मापाची हवी, ५१, ५४ की ५८ मिलिमीटर ते पाहून. मग ग्राइंडरचं बघा.

माझा जुना चाळीस टप्प्यांचा ग्राइंडर मी विकला नाही. तो आता कायमचा बावीसवर उभा आहे, रविवारच्या कॉफीसाठी. एस्प्रेसोचं दळण हातानेच होतं, अठरा ग्रॅमला पाऊण मिनिट. परवा नवी पिशवी उघडली, चिकमगळूरचीच. पहिला शॉट २१ सेकंद. दोन क्लिक बारीक, २९. वहीत दोन आकडे लिहिले आणि कप उचलला.